चार 6116 आणि एक 138: छोट्या रॅम चिपांपासून मोठी मेमरी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या पोरांना मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल शिकवतो. शिकून गेलेली पोरंही फोन करतात, कुणी आर्णीहून, कुणी चिमूरहून, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच लिहून काढले. सगळीकडे उदाहरण एकच धरलंय: 8085 च्या किटला बाहेरून 8 केबी रॅम जोडायची, आणि हातात 2 केबीच्या चार 6116 चिप आणि त्यांतली एका वेळी एकच निवडणारा 74LS138 डिकोडर आहे. किटची स्वतःची रॉम आणि थोडी रॅम खालच्या पत्त्यांवर आहे, 8000H पासून वरचा भाग मोकळा आहे, असं समजू. तुमच्या किटचा नकाशा वेगळा असेल तर आधी त्याचं पुस्तक उघडा.

1. सर जी, चारही चिपांच्या पिना एकमेकींना समांतर जोडून टाकल्या तर 8 केबी काहून होत नाही?

कारण चारही चिपा एकदम बोलतील. 6116 ला अकरा ॲड्रेस पिना असतात, A0 ते A10. अकरा पिनांवर 2048 पत्ते होतात, त्यापलीकडचं तिला काही दिसत नाही. चारही समांतर जोडल्या की प्रत्येकीला वाटतं पत्ता माझाच आहे. लिहाल तेव्हा एकच बाइट चार ठिकाणी पडेल, वाचाल तेव्हा चौघी एकाच तारेवर आपापलं उत्तर ढकलतील.

वर्गात मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. एका तलाठ्याच्या साज्यात चार गावं आहेत. गट नंबर 45 चारही गावांत आहे, कारण प्रत्येक गावात नंबर 1 पासून सुरू होतात. नुसतं “गट नंबर 45 चा सातबारा द्या” म्हटलं तर तलाठी विचारणारच, कोणत्या गावचा? A0 ते A10 हा गट नंबर, तो सगळ्या चिपांना सारखाच जातो. त्याच्या वरच्या लाइन म्हणजे गावाचं नाव. ते नाव वाचून एकाच चिपेला “तू बोल” म्हणणारी पिन म्हणजे चिप सिलेक्ट. 6116 वर ती 18 नंबरची पिन आहे, आणि ती 0 झाली की चिप जागी होते. नावावर आडवी रेघ असते ती त्याचसाठी.

2. कोणती लाइन चिपला द्यायची आणि कोणती डिकोडरला, हे ठरवायचं कसं?

खालून मोजत या. चिपेला लागतात तेवढ्या खालच्या लाइन थेट चिपेला, आपल्याकडे A0 ते A10, चारही चिपांना समांतर. डेटाच्या D0 ते D7 सुद्धा चारही चिपांना समांतर. 8085 ची RD चारही चिपांच्या 20 नंबर पिनेला आणि WR चारहींच्या 21 नंबर पिनेला. इथपर्यंत चार चिपांत काही फरक नाही.

8085 ला एकूण सोळा ॲड्रेस लाइन आहेत, म्हणजे A11 ते A15 या पाच उरल्या. चार चिपांतून एक निवडायला खरं तर दोनच लाइन पुरतात. पण उरलेल्या तीन लाइनींचं काय, याचं उत्तर दिल्याशिवाय सर्किट पूर्ण होत नाही. बहुतेक पोरं इथेच थांबतात आणि मग प्रश्न 6 घेऊन येतात. माझा नियम साधा आहे. कागदावर A15 ते A0 अशी सोळा घरं पाडा आणि प्रत्येक घरात ती लाइन कुठे जाते ते लिहा. एक घर रिकामं राहिलं तरी सोल्डरिंगला हात लावायचा नाही.

एक सावधगिरी. 8085 च्या खालच्या आठ लाइन आणि डेटा एकाच पिनांवर येतात. किटच्या एक्स्पान्शन कनेक्टरवर A0 ते A7 सहसा लॅच होऊनच आलेल्या असतात. नुसत्या 8085 वर काम करत असाल तर मध्ये ALE वर चालणारा 74LS373 लागेल.

3. 74LS138 मध्ये तीन इनपुट ठीक आहे, पण ते तीन G कशाला दिलेत? मी ते सरळ 5 व्होल्ट आणि ग्राउंडला बांधून टाकतो.

नका बांधू. या चिपेचं खरं कसब त्या तीन पिनांतच आहे. A, B, C वरचा आकडा बघून 138 आपल्या आठ आउटपुटांपैकी एक 0 करतो, पण कधी? G1 वर 1 असेल आणि G2A, G2B दोन्हींवर 0 असेल तेव्हाच. नाहीतर आठही आउटपुट 1 वर, म्हणजे सगळ्या चिपा झोपलेल्या. उरलेल्या लाइनींना जागा द्यायला हे आयतं दार आहे. आपली जोडणी अशी, कंसात पिन नंबर:

```
A   (1)  <- A11
B   (2)  <- A12
C   (3)  <- A13
G2A (4)  <- IO/M
G2B (5)  <- A14
G1  (6)  <- A15
Y0  (15) -> RAM0 CS (18)
Y1  (14) -> RAM1 CS (18)
Y2  (13) -> RAM2 CS (18)
Y3  (12) -> RAM3 CS (18)
```

A15 वर 1 आणि A14 वर 0 असेल तरच डिकोडर जागा होतो, म्हणजे 8000H ते BFFFH. हा 16 केबीचा पट्टा A11, A12, A13 मिळून 2 केबीच्या आठ तुकड्यांत कापतात. पहिले चार आपण वापरले, Y4 ते Y7 मोकळे ठेवले. पुढे आणखी चार 6116 आणल्या तर एकही जुनी तार न हलवता 16 केबी होते. वेगळा नॉट गेट लागला नाही, वेगळा अँड गेटही नाही. IO/M चं कारण प्रश्न 7 मध्ये आहे.

4. कोणत्या चिपेचा पत्ता कुठून कुठपर्यंत, हे परीक्षेत दर वेळी चुकतं.

चूक बहुतेक एकाच जागी होते. 2 केबी म्हणजे हेक्समध्ये 800, म्हणजे सीमा हेक्सच्या एका आकड्याच्या मधोमध पडते. दुसऱ्या चिपेसाठी वरच्या लाइन लिहून खाली एकदा सगळी शून्यं आणि एकदा सगळे एक भरा:

```
A15 A14 A13 A12 A11 | A10 ... A0
 1   0   0   0   1  |  0  ...  0  = 8800H
 1   0   0   0   1  |  1  ...  1  = 8FFFH
```

उजवीकडून चार-चारचे गट पाडले की A11 हा A10, A9, A8 यांच्या गटात जातो. त्या गटाची किंमत सुरुवातीला 1000, म्हणजे 8, आणि शेवटी 1111, म्हणजे F. याच रीतीने पहिली चिप 8000 ते 87FF, दुसरी 8800 ते 8FFF, तिसरी 9000 ते 97FF आणि चौथी 9800 ते 9FFF. “8000 ते 8999” असं उत्तर मी दर वर्षी दोन-तीन पेपरांत वाचतो. ते दशमानाच्या सवयीनं येतं. हेक्समध्ये 8999 च्या पुढे 899A असतं.

5. माझ्याकडे जुन्या 2114 पडल्या आहेत. त्यांचं असंच करायचं का?

थोडं वेगळं. 2114 ही 1024 पत्त्यांची आहे, पण तिला डेटाच्या चारच पिना आहेत. एक बाइट व्हायला दोन चिपांची जोडी लागते. जोडीतल्या एकीला D0 ते D3, दुसरीला D4 ते D7, आणि दोघींची चिप सिलेक्ट एकत्र. बैलजोडीला एकच कासरा, तसं. डिकोडरच्या दृष्टीनं ती जोडी म्हणजे 1 केबीची एकच चिप. 8 केबीला अशा आठ जोड्या म्हणजे सोळा चिपा लागतील, आणि डिकोडरच्या इनपुटला A11 ऐवजी A10 पासून सुरुवात होईल. 2114 ला आउटपुट चालू करायची वेगळी पिन नाही, म्हणून तिची चिप सिलेक्ट RD किंवा WR चालू असतानाच 0 व्हावी अशी सोय करणं बरं. खरं सांगू? पडल्या आहेत तर शिकायला जोडा, कामाच्या बोर्डावर 6116 लावा.

6. मी A14 जोडलीच नाही, G2B ग्राउंडला आहे. मेमरी तर मस्त चालून राहिली. मग ती जोडायची काहून?

चालते, पण दोन पत्त्यांवर चालते. A14 बघणारं कुणी नाही म्हटल्यावर 8000H आणि C000H यांत डिकोडरला फरकच कळत नाही. 8000H वर 55 लिहा, मग C000H वर AA लिहा, आणि पुन्हा 8000H वाचा. AA आलं तर ती एकच जागा दोन नावांनी दिसतेय.

आपल्याकडे पिंपळगाव किती आहेत बघा. पत्रावर तालुका लिहिला नाही तर पोस्टमन त्यातलं कोणतंही धरेल. एकच पिंपळगाव आहे तोवर अडत नाही. पुढच्या वर्षी त्याच बोर्डावर कुणी C000H ला दुसरी चिप लावली की दोन घरांतून एकदम “मीच तो” असं उत्तर येतं. मग भांडण नव्या चिपेच्या नावानं होतं आणि दोष जुन्या तारेचा असतो.

मुद्दाम लाइन सोडून देणं हा गुन्हा नाही. एकच रॅम, एकच रॉम असलेल्या छोट्या बोर्डावर एखादी चिप वाचवायला लोक तसं करतात. पण कोणती लाइन सोडली हे नकाशावर लिहून ठेवा. दोन लाइन सोडल्या तर एकाच जागेला चार पत्ते, तीन सोडल्या तर आठ.

यातून एक कामाची गोष्ट निघते. एकच बाइट दोन पत्त्यांवर दिसत असेल तर त्या दोन पत्त्यांमधलं अंतर हेच हरवलेल्या लाइनीचं नाव आहे. अंतर 4000H असेल तर A14 हरवली. 8000H आणि 8400H सारखे दिसत असतील तर अंतर 400H, म्हणजे A10, आणि ती त्या एका चिपेच्या पायाशी तुटलेली असणार. तिथला सांधा बघा.

7. IO/M डिकोडरला नाही दिली तर काय बिघडतं? मेमरीच तर वाचायची आहे.

पोर्ट वापरत नाही तोवर काही नाही. 8085 मध्ये OUT करताना आठ बिटांचा पोर्ट नंबर ॲड्रेसच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अर्ध्या भागांवर येतो. OUT 80H केलं की बसवर 8080H दिसतं, आणि WR तर येतेच. मेमरी आहे की पोर्ट हे सांगणारी एकच तार आहे, IO/M. ती मेमरीला 0 आणि पोर्टला 1 असते. ती डिकोडरनं बघितली नाही तर पोर्टला पाठवलेला बाइट गुपचूप रॅमच्या 8080H वरही जाऊन बसतो.

ओळखायची खूण अशी: प्रोग्राम नुसता चालवला तर ठीक, LED लावणारा भाग जोडला की मध्येच कुठला तरी एक बाइट बदलतो, आणि दर वेळी तोच पत्ता. त्या पत्त्याचे पुढचे दोन आणि मागचे दोन आकडे सारखे असतील, 8080, 8181 असे, तर आणखी शोधू नका.

8. पहिली चिप चालते, दुसरी नाही, तिसरी चालते, चौथी नाही. चिपा बदलून पाहिल्या, तरी तेच. काय करू जी?

चिपा बदलून पैसे घालवू नका, आधी वहीत पत्ते लिहा. हाच बोर्ड माझ्याकडे एका पोरानं घाटंजीहून एसटीत मांडीवर ठेवून आणला होता. नागपूरला जाऊन चार नव्या 6116 आणलेल्या, त्याही लावून झालेल्या. त्याचं म्हणणं, दुकानदारानं खराब माल दिला. मी म्हटलं, बस, चहा घे, आणि प्रत्येक 2 केबीच्या सुरुवातीला एक बाइट लिहून परत वाच. फक्त आपल्या चार चिपांपुरतं नाही, 8000 पासून B800 पर्यंत आठही ठिकाणी. निकाल असा आला:

```
8000  ठीक      A000  ठीक
8800  नाही     A800  नाही
9000  ठीक      B000  ठीक
9800  नाही     B800  नाही
```

A000 आणि B000 वर चिपच नाही, तरी तिथे रॅम सापडतेय! चालणाऱ्या जागा मोजल्या तर बरोबर चार. म्हणजे चारही चिपा चांगल्या आहेत, दोन फक्त भलत्या पत्त्यावर राहायला गेल्या आहेत.

आता नाही म्हणणारे चार पत्ते बघा: 8800, 9800, A800, B800. चौघांतही A11 वर 1 आहे. चालणाऱ्या चौघांत A11 वर 0 आहे. म्हणजे A11 वर 1 आला की डिकोडर Y4 ते Y7 कडे जातोय, आणि तिथे काही लावलेलंच नाही. Y4 ते Y7 कडे जायला डिकोडरच्या C वर 1 लागतो. म्हणजेच A11 ही C ला लागली आहे आणि A13 ही A ला. मल्टिमीटर बीपवर ठेवून 138 च्या पिन 1 पासून A13 पर्यंत लावला, वाजला.

पोराची चूक मला आवडली, कारण ती विचार करून केलेली होती. A हे पहिलं अक्षर, म्हणून ते सर्वांत मोठं, असं त्यानं धरलं. 138 मध्ये उलटं आहे, A सर्वांत छोटा आणि C सर्वांत मोठा. दोन तारा अदलाबदल केल्या आणि बोर्ड चालला. जुन्या चार चिपाही चांगल्याच निघाल्या. त्या त्यानं दिलदारीनं लॅबला देऊन टाकल्या.

दुसरे नमुनेही असेच वाचता येतात. एकच 2 केबीचा तुकडा मेला असेल आणि त्याची चिप दुसऱ्या सॉकेटमध्ये चालत असेल तर त्या Y पासून 18 नंबर पिनेपर्यंतची तार बघा. आठही ठिकाणी काहीच नसेल तर डिकोडर जागाच होत नाहीये, तीन G पिना मोजा. त्यातही G1 आधी, कारण इथे A15 उलट्या समजुतीनं G2 ला लावणारे खूप भेटतात. आणि दोन तुकड्यांत तोच डेटा दिसत असेल तर प्रश्न 6 मधला अंतराचा हिशेब करा.

9. माझा मेमरी टेस्ट प्रोग्राम सगळं ठीक म्हणतो, पण सॉकेट तर रिकामं आहे! हे काय भूत हाय?

भूत बसवरच आहे. प्रोग्राममध्ये प्रत्येक जागी पत्त्याचा खालचा बाइटच लिहिलाय का? `MOV M,L` असं काही? मग हे होणारच.

8085 पहिल्या क्लॉकमध्ये AD0 ते AD7 वर पत्त्याचा खालचा बाइट ठेवतो आणि मग त्या लाइन सोडून देतो, म्हणजे मेमरीनं त्यावर डेटा टाकावा. मेमरीच नसेल तर त्यावर कुणीच काही टाकत नाही. पण तारांना थोडी कपॅसिटन्स असते, आणि काहीशे नॅनोसेकंद जुनीच पातळी त्यांवर टिकून राहते. लसणाचं भांडं विसळलं तरी वास राहतो तसं. प्रोसेसर डेटा उचलायला येतो तेव्हा त्याला आपलाच मघाचा पत्ता परत मिळतो. 8834H वाचलं तर 34, 8835H वाचलं तर 35. तुम्ही तेच लिहिलं होतं, म्हणून प्रोग्राम खूश. मध्ये बफर असलेल्या किटवर असं न होता सगळीकडे FF सुद्धा येऊ शकतं. तिथे FF लिहून तपासणारे फसतात.

म्हणून लिहायचा बाइट पत्त्याच्या दोन्ही भागांवरून काढा, आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करा. एक-एक जागा लिहून लगेच वाचली तर प्रश्न 6 मधली दुहेरी जागा कधीच सापडणार नाही, कारण दुसऱ्या नावानं त्यावर लिहायच्या आधीच तुम्ही ती वाचून मोकळे झालेले असता.

```
      LXI H,8000H
FILL: MOV A,H
      XRA L
      MOV M,A
      INX H
      MOV A,H
      CPI 0A0H
      JNZ FILL
      LXI H,8000H
CHK:  MOV A,H
      XRA L
      CMP M
      JNZ STOP
      INX H
      MOV A,H
      CPI 0A0H
      JNZ CHK
STOP: RST 1
```

हा प्रोग्राम किटच्या स्वतःच्या रॅममध्ये टाका. जी रॅम तपासायची तिच्यातच टाकला तर तो स्वतःलाच पुसेल. शेवटच्या RST चा आकडा तुमच्या किटच्या पुस्तकाप्रमाणे बदला, मॉनिटरकडे परत जाऊन रजिस्टर दाखवणारा हवा. मग H आणि L बघा. A000 असेल तर आठही केबी चांगले. दुसरं काही असेल तर तो पहिला बिघडलेला पत्ता आहे. घाटंजीच्या बोर्डावर तो 8800 आला असता.

10. सोल्डर करताना एका चिपेच्या A0 आणि A1 उलट लागल्या. पुन्हा काढू का?

रॅम असेल तर राहू द्या. बाइट आतल्या भलत्या कप्प्यात जाईल, पण वाचताना त्याच भलत्या कप्प्यातून येईल. डेटाच्या दोन लाइन उलट लागल्या तरी तसंच. बोर्ड आखताना तारा एकमेकींना ओलांडू नयेत म्हणून मी स्वतः मुद्दाम असं केलंय.

हे चालत नाही ते त्या सॉकेटमध्ये उद्या ईप्रॉम बसवायची असेल तर, कारण तिच्यात दुसऱ्या मशीननं सरळ क्रमानं लिहिलेलं असतं. 6116 च्या सॉकेटमध्ये 2716 बसवायचा मोह होतोच, दोघींच्या पिना जवळजवळ सारख्या आहेत.

मग प्रश्न 8 मधली अदलाबदल का नडली? कारण तिथे आठपैकी चारच घरं भरलेली होती. Y0 ते Y7 आठही जागी चिपा असत्या तर A आणि C उलट लागल्याचं त्या पोराला जन्मात कळलं नसतं.

11. बोर्डाला हात लावला की चालतो, काढला की बंद. एक चिप गरमही होते.

दोन वेगळे आजार आहेत. हात लावल्यावर चालणं म्हणजे कुठली तरी इनपुट पिन हवेत लटकते आहे, बहुतेक वेळा चिप सिलेक्टच. तुटलेल्या सांध्यामुळे तिला 0 ही मिळत नाही आणि 1 ही. तुमच्या बोटातून मिळतं ते ती घेते. वापरात नसलेल्या सॉकेटची चिप सिलेक्ट 10 किलोओमनं 5 व्होल्टला ओढून ठेवा.

गरम होणं म्हणजे दोन चिपा एकाच वेळी निवडल्या जाताहेत. एक तार वर ओढते, दुसरी खाली, आणि करंट त्या दोघींमधून जातो. 138 एका वेळी एकच Y खाली करतो, त्यामुळे एकाच डिकोडरवरच्या दोन चिपा भांडत नाहीत, दोन Y सोल्डरच्या थेंबानं चिकटले नसतील तर. भांडण बहुधा किटच्या आतल्या चिपेशी असतं. 8000H खरंच मोकळं आहे का ते पुन्हा बघा.

12. डिकोडरमुळे मेमरी हळू होते का?

होते, पण 8085 ला कळण्याइतकी नाही. 3 मेगाहर्ट्झचा 8085A पत्ता दिल्यापासून डेटासाठी साधारण 575 नॅनोसेकंद थांबतो. 138 फार तर 40 एक नॅनोसेकंद खातो, लॅच तीसच्या आसपास, 6116 च्या साध्या प्रकाराला 150 ते 200. भरपूर उरतात.

पत्ता बदलत असताना डिकोडरचे आउटपुट क्षणभर इकडेतिकडे उडतात. रॅमला त्यानं काही होत नाही, कारण WR पत्ता स्थिर झाल्यावरच येते. पण तोच Y एखाद्या लॅचचा क्लॉक म्हणून थेट वापरला तर खोटे ठोके पडतील. आधी तो WR शी जुळवून घ्या.

13. आमच्याकडे भारनियमन ठरलेलं. बॅटरी लावली तरी लाइट गेल्यावर रॅममधले दोन-चार बाइट बदललेले असतात. बॅटरी खराब आहे का?

बॅटरी बिचारी निर्दोष आहे. कमी वीज खाणाऱ्या जातीची 6116, जिच्या नंबरात L असतो, ती 2 व्होल्टपर्यंत डेटा धरून ठेवते, मात्र अट एकच: तिची चिप सिलेक्ट त्या वेळी वर असली पाहिजे. लाइट जाते तेव्हा 5 व्होल्ट एकदम शून्य होत नाहीत, उतरत जातात. उतरताना प्रोसेसर शुद्धीवर नसतो, WR भलत्या वेळी हलते. आणि 74LS138 चीच वीज गेली तर तो आपले आउटपुट 1 वर धरणार कशानं? त्या काही मिलिसेकंदांत झोपलेली असायला हवी ती चिप जागी असते आणि तिच्यावर कचरा लिहिला जातो.

उपाय डिकोडर आणि चिपेच्या मध्ये आहे. चिप सिलेक्ट अशा गेटमधून द्या जो त्याच बॅटरीवर चालतो, सीमॉस, म्हणजे 74HC जातीचा, LS नको. सप्लाय साडेचार व्होल्टच्या खाली गेला की त्या गेटनं चिप सिलेक्ट 1 करून टाकावी. त्यासाठी व्होल्टेज बघणारी छोटी रिसेट चिप मिळते.

मात्र बॅटरीचंच काम असेल तर मी चार 6116 च्या भानगडीत न पडता 8 केबीची एक 6264 घेईन. तिला दोन चिप सिलेक्ट आहेत, पिन 20 ची 0 वर चालते आणि पिन 26 ची 1 वर. पिन 20 डिकोडरला, पिन 26 त्या रिसेट चिपेला, आणि पिन 26 वरून एक रेझिस्टर ग्राउंडला. वीज गेली की पिन 26 आपोआप खाली येते आणि चिप बंद. बाकीच्या तारांवर मग काहीही नाचो. फक्त पत्त्याचा हिशेब बदलेल: 6264 ला A12 पर्यंतच्या लाइन थेट जातात, म्हणजे तिच्यासाठी डिकोडरच्या A ला A13, B ला A14 आणि C ला A15 येईल. G1 मोकळी होते, ती 5 व्होल्टला. G2B ग्राउंडला. IO/M आहे तिथेच, G2A वर. मग 8000H ते 9FFFH हा तुकडा Y0 वर मिळणार नाही, तो Y4 वर, पिन 11 वर मिळेल.